साहित्यातल्या एका ओळीवर दोन मिनिटं कसं बोलावं? उत्स्फूर्त भाषणाची सोपी तयारी



शाळेत मराठी भाषा गौरव दिन जवळ आला, की उत्स्फूर्त भाषणाची स्पर्धा ठरलेली असते. मूल पुढे येतं, डब्यातून चिठ्ठी उचलतं. चिठ्ठीवर एखाद्या कवितेतली किंवा नाटकातली ओळ असते. दोन-तीन मिनिटं विचाराला मिळतात आणि दोन मिनिटं बोलायला.

पुढे काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मूल ओळ मोठ्याने वाचतं, "या ओळीत फार मोठा अर्थ दडलेला आहे" असं म्हणतं, मग जिद्द, परिश्रम, यश यावर चार वाक्यं बोलतं आणि चाळीसाव्या सेकंदाला थांबतं. वर बघतं, खाली बघतं. शेवटी "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" म्हणून जागेवर जातं. घरी गेल्यावर मात्र त्याच विषयावर ते मूल अर्धा तास बोलू शकतं!

म्हणजे बोलायला काही नसतं असं नाही. ओळ हातात आल्यावर पहिल्यांदा काय करायचं, हे त्याला माहीत नसतं. आज आपण तेवढंच पाहू. उदाहरणासाठी एकच कविता घेऊन चिठ्ठी उघडण्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत जाऊ.

दोन मिनिटांत मावतं किती?

आधी हा हिशोब मुलांना सांगा, कारण अर्धी भीती इथेच जाते. आठवी-नववीचं मूल स्पष्ट, थांबत-थांबत बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतं. म्हणजे दोन मिनिटांचे दोनशे ते सव्वादोनशे शब्द. वहीचं एक पानभर. वाक्यं मोजली तर पंचवीस-तीस छोटी वाक्यं.

त्याची वाटणी अशी करायची: सुरुवात पंचवीस सेकंद, मध्य सत्तर सेकंद, शेवट पंचवीस सेकंद. सुरुवातीला चार-पाच वाक्यं, शेवटाला चार-पाच, आणि बाकी सगळी मध्याला. या सत्तर सेकंदांत तीन मुद्दे आणि दोन दाखले बसत नाहीत. एकच दाखला बसतो, पण तो नीट सांगता येतो. मुलांना हे पटलं, की "खूप मुद्दे आठवायला हवेत" हे ओझं उतरतं.

म्हण आणि साहित्यातली ओळ यांत फरक काय?

आपण सराव घेताना बहुधा म्हणींपासून सुरुवात करतो. ते ठीकच आहे. पण म्हण कोणीही, कोणालाही, कधीही म्हणू शकतो. साहित्यातली ओळ तशी नसते. ती कोणीतरी, कोणालातरी, एका विशिष्ट वेळी म्हटलेली असते. हा फरक मुलांच्या लक्षात आणून दिला नाही, तर ती कवितेच्या ओळीलाही म्हणीसारखंच वागवतात. तिच्यातून एक उपदेश काढतात आणि त्या उपदेशावर निबंध बोलतात. मग ओळ कुसुमाग्रजांची असो की केशवसुतांची, भाषण तेच येतं.

म्हणून ओळ हातात आली, की तीन प्रश्न विचारायची सवय लावा.

१. हे कोण म्हणतंय?
२. कोणाला म्हणतंय?
३. कधी, म्हणजे कोणत्या प्रसंगात म्हणतंय?

आणि या तिन्हींची उत्तरं मिळाल्यावर चौथी गोष्ट: "म्हणजे मला असं वाटतं की…" हे वाक्य पूर्ण करायचं. एकच वाक्य, आपल्या साध्या भाषेत. हे वाक्य म्हणजे भाषणाचा खुंटा. बाकी सगळं त्याला बांधायचं.

एक उदाहरण: 'कणा'

समजा, चिठ्ठीवर कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेचा शेवट आला. ओळी इथे लिहीत नाही, तुमच्यापैकी बहुतेकांना त्या पाठच असतील. कवितेतला प्रसंग असा: भर पावसात एक माजी विद्यार्थी आपल्या सरांच्या घरी येतो. पुराने त्याचं घर धुऊन नेलेलं आहे. बायको तेवढी वाचली आहे आणि दोघं मिळून पुन्हा घर उभं करत आहेत. सरांना वाटतं, हा मदत मागायला आला असावा. त्यांचा हात खिशाकडे जातो. तेव्हा तो उठतो आणि सांगतो, की पैसे नकोत, जरा एकटं वाटलं म्हणून आलो. शेवटच्या ओळींत तो सरांकडे काय मागतो? फक्त धीराचा स्पर्श आणि एक शब्द.

आता तीन प्रश्न लावून बघा. कोण म्हणतंय? सगळं गमावलेला, पण मोडून न पडलेला माणूस. कोणाला? आपल्या जुन्या सरांना. कधी? सरांचा हात खिशाकडे गेल्यावर. हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. सरांचा हात खिशाकडे गेला नसता, तर या ओळींचा अर्थ "संकटाशी झुंज द्या" एवढाच उरला असता. पण तो गेला, म्हणून ओळींना धार आली. देणारा एक गोष्ट देऊ पाहतोय आणि मागणाऱ्याला दुसरीच हवी आहे.

बहुतेक मुलं इथे "संकटाला घाबरू नये" असं खुंट्याचं वाक्य करतात. चूक नाही, पण ते शंभर कवितांना चालेल. प्रसंग नीट पाहिलेलं मूल म्हणेल, "संकटात सापडलेल्या माणसाला पैशाइतकीच, कधी त्याहून जास्त, सोबत लागते." हे वाक्य याच ओळीतून निघालंय. आपल्याला असंच वाक्य हवंय. ओळखायची खूण सोपी आहे: हे वाक्य दुसऱ्या एखाद्या ओळीखाली ठेवून बघा. तिथेही जसंच्या तसं चालत असेल, तर अजून थोडं खोल जायला हवं.

आधी शेवट ठरवा

ही गोष्ट मुलांना उलटी वाटते. पण उत्स्फूर्त भाषणात मूल अडकतं ते कुठे जायचंय हे माहीत नसल्यामुळे. शेवटचं वाक्य तयार असेल, तर मध्येच काही विसरलं तरी तिथे उडी मारता येते. घंटा लवकर वाजली तरी शेवट नीट होतो.

शेवटचं वाक्य दोन प्रकारचं नसावं. एक, आभाराचं ("एवढे बोलून मी…"). दुसरं, सगळ्या जगाला उपदेश करणारं ("आपण सर्वांनी ही शिकवण अंगी बाणवू या"). समोर बसलेल्या मुलांना उद्या खरंच करता येईल असं काहीतरी छोटं सांगणारं वाक्य असावं. आपल्या उदाहरणात ते असं ठरवू: "थोडा वेळ त्याच्याजवळ थांबा."

मध्य: एकच प्रसंग, तोही पाहिलेला

दाखला म्हटलं की मुलांना शिवाजी महाराज, डॉ. कलाम, हेलन केलर आठवतात. माणसं मोठीच आहेत. पण दहा स्पर्धकांपैकी सहा जण तेच सांगतात आणि त्यातले तपशील अर्धवट पाठ असल्यामुळे मूल मध्येच अडखळतं. स्वतः पाहिलेला प्रसंग आठवावा लागत नाही, तो डोळ्यांसमोर असतो.

मुलाला विचारा: पैसे नको, सोबत हवी होती असं कोणाच्या बाबतीत पाहिलंस? घरात, गल्लीत, वर्गात? लगेच सुचलं नाही, तर प्रश्न आणखी लहान करा: तुमच्या घरी कोणी वाईट बातमी घेऊन आलं होतं का? तेव्हा घरातल्यांनी काय केलं?

प्रसंग मिळाला, की त्यात चार गोष्टी हव्यात: माणूस कोण, काय घडलं, कोणी काय म्हटलं, आणि त्यानंतर काय बदललं. यातलं "कोणी काय म्हटलं" मुलं हमखास गाळतात. खरं तर एका माणसाच्या तोंडचं एक वाक्य जसंच्या तसं सांगितलं, की ऐकणारा वर बघतो.

मध्य संपताना एक वाक्य ओळीकडे परत नेणारं हवं. नाहीतर प्रसंग छान होतो, पण परीक्षक विचारतात, याचा ओळीशी संबंध काय?

सुरुवात सगळ्यात शेवटी

शेवट आणि मध्य ठरल्यावर सुरुवातीला फारसं काही उरत नाही. ओळ म्हणायची. ती कोणाची आहे, कोण कोणाला म्हणतंय, ते दोन वाक्यांत सांगायचं. मग खुंट्याचं वाक्य. झालं.

कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, जन्म १९१२, ज्ञानपीठ पुरस्कार १९८७ सालचा, २७ फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो: ही माहिती खरी आहे, पण या भाषणात तिला काम नाही. ती सांगण्यात पाऊण मिनिट जातं आणि तेवढं मध्यातून कापलं जातं. "आदरणीय व्यासपीठ, परीक्षक, गुरुजनवर्ग" ही यादीसुद्धा "सर्वांना नमस्कार" एवढ्यावर आणता येते.

तीन मिनिटांत चिठ्ठीच्या पाठीवर काय लिहायचं?

वाक्यं लिहायची नाहीत. वाक्यं लिहिली की मूल ती वाचायला बघतं आणि नजर खालीच राहते. फक्त खुणेचे शब्द:

पूर – सर – खिसा
सोबत
मामा – गारपीट
"दाजी, येता का?"
छाटणी
थांबा

पहिलं मिनिट तीन प्रश्नांना आणि खुंट्याच्या वाक्याला. दुसरं मिनिट प्रसंगाला. तिसऱ्या मिनिटात शेवटचं वाक्य आणि पहिलं वाक्य ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणायचं. विचाराला एकच मिनिट दिलं असेल, तर फक्त दोन गोष्टी ठरवायच्या: प्रसंग कोणता आणि शेवटचं वाक्य काय. बाकीचं बोलता-बोलता जमतं.

आता पूर्ण भाषण

वरच्या खुणांवरून नाशिककडच्या आठवीतल्या मुलाने बोललेलं भाषण कसं होईल, त्याचा हा नमुना मी लिहिला आहे. वेळ लावून मोठ्याने वाचून बघा.

*सुरुवात*

"(चिठ्ठीवरच्या ओळी म्हणून) सर्वांना नमस्कार. कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेतल्या या ओळी आहेत. पुरात घर गेलेला एक माजी विद्यार्थी आपल्या सरांना हे म्हणतो. सरांचा हात खिशाकडे जातो, पण तो पैसे मागायला आलेलाच नसतो. मला वाटतं, संकटात सापडलेल्या माणसाला पैशाइतकीच, कधी त्याहून जास्त, सोबत लागते.

*मध्य*

हे मी आमच्याच घरात पाहिलं. माझ्या मामाची द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी काढणीला आठ दिवस उरले होते आणि गारपीट झाली. थोड्या वेळात घड फुटले, पानं झडली, बागेत नुसता चिखल झाला. दुसऱ्या दिवशी मामा आमच्याकडे आला. चहा समोर तसाच निवून गेला. बाबांनी कपाट उघडलं आणि काही पैसे त्याच्यापुढे ठेवले. मामा म्हणाला, 'दाजी, पैशाचं नंतर बघू. उद्या बागेत येता का? एकट्याला आत जायला पाय उचलत नाही.' बाबा गेले. मीही गेलो. दिवसभर आम्ही तिघांनी फुटलेले घड कापून टाकले. फारसं कोणी बोललं नाही. पण संध्याकाळी मामा म्हणाला, 'चला, आता छाटणीची तयारी करायला हवी.' आदल्या दिवशी जो बागेकडे बघायला तयार नव्हता, तो पुढच्या हंगामाचं बोलत होता. कवितेतल्या सरांसारखंच बाबांनाही आधी वाटलं होतं, की पैसेच हवे असतील. मामाला हवं होतं ते वेगळंच.

*शेवट*

मामाचं कर्ज त्या दिवसाने फिटलं नाही, हेही खरं. पैसे लागतातच. पण कामाला लागायचं बळ त्याला त्या दिवशी मिळालं. आपल्या वर्गातला एखादा मित्र नापास झाला, कोणाच्या घरी काही वाईट घडलं, तर 'काही लागलं तर सांग' एवढं म्हणून निघून जाऊ नका. थोडा वेळ त्याच्याजवळ थांबा."

हे भाषण दोनशेच्या आसपास शब्दांचं आहे. कुठे टाळ्यांचं वाक्य नाही. मुलाने यात काय केलं ते बघा. ओळीचा प्रसंग आणि घरातला प्रसंग यांचा सांधा एकाच जागी जुळतो: तिकडे खिशाकडे गेलेला हात, इकडे उघडलेलं कपाट. हा सांधा सापडला, की मध्य आपोआप ओळीला चिकटून राहतो. आणि "पैसे लागतातच" हे वाक्यही मुद्दाम ठेवलंय. ऐकणाऱ्याच्या मनात जी शंका येणार, ती बोलणाऱ्यानेच घेतली, की भाषण पाठ केलेलं वाटत नाही.

हा नमुना मुलांना पाठ करायला मात्र देऊ नका. द्राक्षबाग न पाहिलेल्या मुलाच्या तोंडी तो लगेच खोटा वाटेल. पद्धत दाखवायला वर्गात एकदा वाचा आणि मग विचारा, "तुमच्या घरात असं कपाट कधी उघडलं होतं?"

ओळीत कोणी बोलतच नसेल तर?

प्रत्येक ओळीत असा संवाद नसतो. काही ओळी म्हणजे एक चित्र असतं. बहिणाबाई चौधरींची संसारावरची प्रसिद्ध रचना घ्या. चूल, तवा, भाजणारे हात आणि भाकरी यांचं चित्र त्यात आहे. असोद्याच्या या शेतकरी बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तकरूपात आली. चुलीसमोर बसलेल्या बाईला जे रोज दिसतं, तेच या चित्रात आहे.

इथे "कोणाला म्हणतंय" हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. त्याऐवजी असे प्रश्न विचारा: चित्र कशाचं आहे? त्यात आधी काय होतं आणि मग काय? हाच क्रम माझ्या पाहण्यात कुठे आलाय?

बहिणाबाईंच्या चित्रातला क्रम आहे: आधी भाजणं, मग भाकरी. मुलाला आठवेल, विहिरीत पोहायला शिकताना आधी नाकातोंडात पाणी गेलं, मग तरंगता आलं. क्रम जुळला, म्हणजे दाखला जुळला. इथे चूक होते ती अशी, की मूल चुलीवरच बोलत राहतं: पूर्वी चुली होत्या, आता गॅस आला, आईला किती कष्ट पडतात. चित्रातली वस्तू धरली आणि क्रम सुटला.

नववी-दहावीच्या मुलांना आणखी एक पायरी देता येते: प्रत्येक वेळी भाजल्यावर भाकरी मिळतेच का? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर शेवटात आलं, तर भाषण उजवं ठरतं.

ओळ ओळखीचीच नसेल तर?

हे होणारच. अशा वेळी मुलाने ओळीचं व्याकरण बघावं. कोणाला हाक मारली आहे का? क्रियापद आज्ञार्थी आहे का, म्हणजे कोणी काही करायला सांगतंय का? प्रश्न विचारलाय का? "मी" आहे का? एवढ्यावरून बोलणारा मागतोय, रागावलाय, की स्वतःशीच बोलतोय, ते कळतं. मग सुरुवात अशी करता येते: "या ओळीत कोणीतरी कोणाला तरी विनवतंय असं मला वाटतं."

कवीचं नाव अंदाजाने सांगायचं नाही. "कवी म्हणतात" पुरतं. नाव चुकलं, तर परीक्षकांच्या लक्षात तेवढंच राहतं.

इथे आपल्यावरही, म्हणजे चिठ्ठ्या तयार करणाऱ्यांवरही, जबाबदारी आहे. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावावर त्यांनी न लिहिलेलं बरंच काही मोबाइलवर फिरत असतं. ओळ पुस्तकात पाहिल्याशिवाय चिठ्ठीवर घेऊ नये. ओळीखाली लेखकाचं आणि कवितेचं किंवा पुस्तकाचं नाव लिहावं. अर्धवट ओळ देऊ नये, वाक्य पूर्ण असावं. पाचवी ते सातवीसाठी त्यांच्या पाठ्यपुस्तकातल्याच ओळी घ्याव्यात, म्हणजे प्रसंग त्यांना माहीत असतो.

भाषण कुठे बिघडतंय ते घड्याळ सांगतं

सराव घेताना फोनवर स्टॉपवॉच लावा आणि मूल किती वेळाला थांबलं ते लिहून ठेवा. कारण बहुतेक वेळा त्या आकड्यातच असतं.

मूल चाळीस-पन्नास सेकंदांत संपलं, तर त्याने प्रसंग सांगितलेलाच नसतो, फक्त मतं सांगितलेली असतात. मतं लवकर संपतात. त्याला "म्हणजे कोण? कुठे?" असं विचारा.

सव्वा मिनिटाला संपलं, तर प्रसंग आहे पण एका वाक्यात उरकलाय: "माझ्या मामाची बाग गेली, पण त्याने धीर सोडला नाही." इथे "मग काय झालं?" असं तीनदा विचारा. प्रत्येक उत्तर म्हणजे दोन-तीन नवी वाक्यं.

दोन मिनिटं झाली आणि मूल अजून मध्यातच आहे, तर सुरुवात तपासा. कवीची माहिती किंवा संबोधनांची यादी लांबलेली असते. मध्य कापू नका, सुरुवात कापा.

आणि मूल मध्येच पूर्ण विसरलं तर? ओळ पुन्हा म्हणायची. ओळ चिठ्ठीवर हातातच असते. ती सावकाश पुन्हा म्हटली, की चार-पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात काही आठवलं तर ठीक, नाहीतर सरळ शेवटच्या वाक्यावर जायचं. ऐकणाऱ्यांना ते विसरणं न वाटता जोर देणं वाटतं. हे मात्र सरावात दोन-तीनदा करून घ्यायला हवं. ऐन वेळी सांगून ते सुचत नाही.

वर्गात आणि घरी सराव

पहिल्या आठवड्यात भाषण घेऊच नका. रोज एक ओळ फळ्यावर लिहा आणि फक्त तीन प्रश्न व खुंट्याचं वाक्य घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. दहा मुलांची दहा वेगळी वाक्यं येतात, ती फळ्यावर लिहा. कुठलं वाक्य याच ओळीचं आहे आणि कुठलं कुठेही चालेल, हे मुलंच ओळखायला लागतात.

दुसऱ्या आठवड्यात जोड्या करा. एकाने प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने "मग काय झालं?" विचारायचं. तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या, घड्याळ आणि पूर्ण दोन मिनिटं.

पालकांनी घरी भाषण लिहून देऊ नये, ही विनंती. आईबाबांनी लिहिलेलं वाक्य मुलाच्या तोंडी ओळखू येतं आणि दुसरी चिठ्ठी आली की ते निरुपयोगी ठरतं. त्याऐवजी एवढंच करा: जेवताना घरातली एखादी जुनी गोष्ट सांगा. आजीने घर कसं उभं केलं, काका नोकरी सुटल्यावर काय म्हणाले होते. आणि कोण काय म्हणालं होतं, ते त्यांच्याच शब्दांत सांगा. मुलाच्या मध्यासाठी लागणारं सामान तिथून येतं.

उद्या वर्गात किंवा घरी सुरुवात करायची असेल, तर मुलांच्या मराठीच्या पुस्तकातली कुठलीही कविता उघडा, एक ओळ निवडा आणि पहिला प्रश्न विचारा: हे कोण म्हणतंय? मुलांची उत्तरं काय येतात, ते जरूर कळवा.